स्लीव्हलेस ड्रेसच्या फोटोला पूर्ण बाह्या कशा जोडायच्या?

फोटोतल्या स्लीव्हलेस ड्रेसला बाह्या जोडल्या की त्या अनेकदा चिकटवल्यासारख्या दिसतात. रंग अगदी जुळलेला असतो, चूक असते ती शिवणीच्या जागेत. अशा ड्रेसचा मुंढा बऱ्याचदा खांद्याच्या टोकाच्या आत कापलेला असतो. नेहमीच्या बाहीची शिवण मात्र खांद्याच्या हाडाच्या टोकाजवळ येते. म्हणून बाही जोडण्याआधी ड्रेसचा खांदा तिथपर्यंत वाढवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. निळ्या ड्रेसवर बारीक पांढरी फुले आहेत, हात सरळ खाली सोडलेला आहे आणि उजेड डावीकडून येतो आहे. हे काम फोटोशॉपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या Photopea मध्ये करता येते.

आधी शिवण ठरवा

हाडाच्या टोकापासून काखेपर्यंत, किंचित आत झुकणारी वक्र रेषा आखा. जुनी कड आणि ही रेषा यांमधली त्वचा छातीजवळच्या कापडाचा तुकडा कॉपी करून झाका. जुन्या कडेची पट्टी आणि तिची त्वचेवरची सावलीही झाकली गेली पाहिजे, नाहीतर खांद्यावर दोन शिवणी दिसतील.

मग कापड घ्या

घेराचा कमी चुण्यांचा भाग निवडा आणि `Ctrl + J` दाबून वेगळ्या लेयरवर आणा. तो ताणून मोठा करू नका, फुलांचा आकार बदलला की नजर तिथेच अडते. तुकडा कमी पडला तर आणखी एक घ्या. घेरातली उभी दिशा हाताच्या लांबीला येईल असे कापड फिरवा आणि `Edit > Transform > Warp` वापरून हाताच्या आकारात बसवा. शिवणीपाशी फुलांची रांग तुटली तरी हरकत नाही, खऱ्या कपड्यातही ती तुटते. बाहीची कड हाताच्या थोडी बाहेर ठेवा. कापड त्वचेला रंगासारखे चिकटत नाही.

शेवटी सावली

आता बाही सपाट दिसेल. तिच्यावर `Multiply` मोडचा नवा लेयर घ्या आणि मऊ ब्रशने उजवी बाजू, काख आणि कोपराच्या चुण्या गडद करा. त्यासाठी काळा रंग नको, ड्रेसमधलाच गडद निळा घ्या. शिवणीवर बारीक गडद रेषा काढून तिथून दोन-तीन छोट्या चुण्या निघालेल्या दाखवा. मनगटावर बाहीच्या कडेची हलकी सावली द्या.

फोटो आडवा उलटा करून पाहा, राहिलेली चूक लगेच दिसते. खांद्यावर मोकळे केस असतील किंवा हातांची घडी असेल, तर मात्र काम बरेच वाढते.

शिंप्याला कल्पना देण्यासाठी असा फोटो उपयोगी आहे. दुसऱ्या व्यक्तीचा फोटो असेल तर आधी तिला विचारा. आणि विक्रीसाठी तो वापरू नका. ग्राहकाच्या हाती पडणारा ड्रेस स्लीव्हलेसच असेल.