पोहोचलेलं, पण हातात न आलेलं

सप्टेंबर 2021. पुण्यात नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमची टीम आयातदारांसाठी एक डॅशबोर्ड बनवायची. आपला माल कोणत्या जहाजावर आहे आणि कधी येणार, हे त्यावर दिसायचं. त्यातला एक रंगीत ठिपका माझ्या कोडमधून यायचा. जहाज समुद्रात असेल तर पिवळा, बंदरात पोहोचलं की हिरवा, आणि शेजारी `ARRIVED`.

अमेरिकेतल्या एका छोट्या आयातदाराचे तीन कंटेनर चीनहून निघाले होते. त्यांत हॅलोवीनचं सामान होतं: मुखवटे, प्लॅस्टिकचे सांगाडे, दाराला लावायची कोळ्याची जाळी. 14 सप्टेंबरला ठिपका हिरवा झाला. त्या माणसाने दुकानदारांना तारखा दिल्या. माल त्याच्या गोदामात पोहोचला 29 ऑक्टोबरला. हॅलोवीन 31 ला असतो. पुढच्या कॉलवर तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. त्याने एवढंच विचारलं, "तुमच्या भाषेत पोहोचलं म्हणजे नक्की काय?"

माझ्या भाषेत पोहोचलं म्हणजे जहाज लॉस एंजेलिसच्या बाहेर येऊन थांबलं. नांगर टाकून. धक्क्याला लागलं नव्हतं, एकही पेटी उतरली नव्हती. त्या सहा आठवड्यांत काय घडलं ते समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. हा त्याचाच हिशेब.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही शेजारशेजारची दोन बंदरं. त्या काळी अमेरिकेत कंटेनरमधून येणाऱ्या मालापैकी सुमारे 40 टक्के माल या दोघांतून यायचा. महामारीपूर्वी त्यांच्याबाहेर नांगर टाकून थांबलेलं कंटेनर जहाज क्वचितच दिसायचं; आलेलं जहाज सरळ धक्क्याला लागायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आधी मागणी आटली आणि जहाज कंपन्यांनी फेऱ्या रद्द केल्या. मग उन्हाळ्यात उलटंच झालं. हॉटेल, सिनेमा, प्रवास बंद असल्याने घरी बसलेल्या अमेरिकेने वस्तू मागवायला सुरुवात केली: टेबलं, सायकली, व्यायामाची यंत्रं. ऑक्टोबर 2020 पासून जहाजांची रांग लागायला लागली.

बातम्यांमध्ये दिसायची ती समुद्रातली जहाजं. त्यामुळे वाटायचं की धक्के कमी पडतायत, क्रेन कमी पडतायत. पण या दोन बंदरांनी 2021 मध्ये पूर्वीपेक्षा जास्त माल हाताळला. लॉस एंजेलिसने एकट्याने 1 कोटी 7 लाखांच्या आसपास वीस फुटी कंटेनरांएवढा माल हलवला, तोवरचा विक्रम. क्रेन थांबल्या नव्हत्या. अडलं होतं ते जमिनीवर.

इथे एक शब्द लागतो: ड्वेल टाईम, म्हणजे कंटेनरचा मुक्काम. जहाजावरून पेटी उतरली तेव्हापासून ती ट्रकवर किंवा रेल्वेवर चढून टर्मिनलच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतचे दिवस. महामारीपूर्वी ट्रकने जाणारी पेटी या बंदरांत सरासरी चार दिवसांच्या आत निघायची, रेल्वेने जाणारी दोन दिवसांच्या आत. 2021 च्या शरद ऋतूत नऊ-नऊ दिवस पडून राहिलेल्या पेट्यांचे ढीग झाले होते.

चारचे आठ झाले तर एवढं काय बिघडतं? जॉन लिटल या गणितज्ञाने 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत असलेल्यांची संख्या म्हणजे रोज येणारे गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. आम्ही तो सर्व्हरवरच्या रिक्वेस्टसाठी शिकलो, पण यार्डलाही तो तसाच लागू पडतो. एक काल्पनिक टर्मिनल घ्या. रोज 2,000 पेट्या उतरतात, मुक्काम चार दिवसांचा. म्हणजे यार्डात कायम 8,000 पेट्या. यार्डात 12,000 मावतात, म्हणून सगळं निवांत. आता मुक्काम आठ दिवसांचा झाला. रोज 2,000 च घ्यायच्या तर 16,000 ची जागा हवी. ती नाही. मग रोज घेता येतात फक्त 1,500. उरलेल्या 500 जहाजावरच राहतात, आणि 5,000 पेट्यांचं जहाज धरलं तर दर दहा दिवसांनी समुद्रातल्या रांगेत एक जहाज वाढतं. क्रेन तीच, कामगार तेच, धक्का तोच.

प्रत्यक्षात याहून वाईट होतं. यार्ड भरत आलं की पेट्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि नेमकी हवी असलेली पेटी तळाशी असते. ती काढायला वरच्या चार हलवायच्या, म्हणजे एका ट्रकसाठी पाच उचली. ट्रक फाटकात ताटकळतो, दिवसाच्या फेऱ्या कमी होतात, आणि मुक्काम आणखी वाढतो.

पण पेट्या उचलायला कोणी येत का नव्हतं? कारण आयातदारांची गोदामं भरली होती. बंदरापासून तासा-दोन तासांवर गोदामांचा मोठा पट्टा आहे. तिथे रिकामे रॅक नव्हते, माल उतरवायला माणसं नव्हती. पेटी टर्मिनलवर ठेवणं हाच स्वस्त पर्याय वाटायचा. शिवाय एक गाठ अशी बसली होती की ती वाचताना मला कॉलेजातला ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आठवला.

अमेरिकेत कंटेनर वाहायची चाकांची चौकट, म्हणजे चॅसिस, बहुतेकदा ट्रकवाल्याची नसते, भाड्याने घेतात. आयातदाराने पेटी रिकामी केली की ती चॅसिसवरून टर्मिनलला परत जायला हवी. पण टर्मिनल भरलेलं, म्हणून रिकाम्या पेट्या घेत नव्हतं. रिकामी पेटी खाली उतरत नाही तोवर चॅसिस मोकळी होत नाही. चॅसिस नाही तोवर भरलेली पेटी उचलता येत नाही. भरलेली पेटी हलत नाही तोवर टर्मिनलला रिकामीसाठी जागा होत नाही. शुद्ध डेडलॉक. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला हवी असलेली वस्तू, आणि कोणीच आधी सोडणार नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये फ्लेक्सपोर्ट या कंपनीचे प्रमुख रायन पीटरसन बोट भाड्याने घेऊन बंदरात फिरले आणि ही गाठ त्यांनी ट्विटरवर सविस्तर मांडली. लाँग बीच शहराचा नियम होता की ट्रकच्या आवारात रिकामे कंटेनर दोनपेक्षा उंच रचायचे नाहीत, कारण ते दिसायला वाईट. 22 ऑक्टोबरला शहराने तात्पुरती चारपर्यंत परवानगी दिली. थोड्या चॅसिस मोकळ्या झाल्या. रांग मात्र संपली नाही, कारण गोदामं भरलेलीच होती.

त्यानंतर तीनच दिवसांनी दोन्ही बंदरांनी जाहीर केलं की पेटी फार दिवस पडून राहिली तर जहाज कंपनीकडून दंड घेऊ: पहिल्या दिवशी शंभर डॉलर, मग रोज शंभरने वाढत जाणारा. ट्रकने जाणाऱ्या पेटीला नवव्या दिवसापासून. गंमत म्हणजे हा दंड कधी आकारलाच नाही. दर वेळी तारीख पुढे ढकलली गेली. पण नुसत्या धाकाने पडून राहिलेल्या पेट्या झपाट्याने कमी झाल्या. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच पेट्या हलवणं शक्य होतं, फक्त न हलवणं परवडत होतं.

हे वाचताना मला आपली न्हावा शेवा आठवली. मुंबईच्या जुन्या गोदीवरचा भार हलका करायला 1989 मध्ये सुरू झालेलं हे बंदर. तिथे डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीचा आग्रह धरला गेला तोही मुक्कामासाठीच: पेटी आधी बाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला न्यायची नाही, कारखान्याने ती थेट बंदरातून 48 तासांत उचलायची. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद पडले, उचलायला कोणी येईना, तेव्हा याच पेट्या जागा करण्यासाठी फ्रेट स्टेशनांकडे हलवाव्या लागल्या. बंदराचा वेग बंदर ठरवत नाही; पेटीच्या शेवटच्या मुक्कामाचं दार उघडं आहे का, ते ठरवतं.

माझ्या हिरव्या ठिपक्याची खरी लाज मला नोव्हेंबर 2021 मध्ये वाटली. तोवर रांगेत नंबर लावायला जहाजाला बंदराजवळ यावं लागायचं, म्हणून सगळी जहाजं पॅसिफिक ओलांडून धावत यायची आणि किनाऱ्याजवळ धूर सोडत बसायची. 16 नोव्हेंबरपासून नियम बदलला. आधीच्या बंदरातून निघाल्यावर हिशेबाने तुमचा नंबर ठरणार, आणि तुम्ही किनाऱ्यापासून 150 मैल लांब थांबायचं किंवा सावकाश यायचं. चांगली सुधारणा होती. पण काही आठवड्यांत किनाऱ्यावरून जहाजं दिसेनाशी झाली आणि रांग ओसरल्याच्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात ती लांब गेली होती. 9 जानेवारी 2022 ला रांगेत 109 जहाजं होती, आजवरची सर्वाधिक. मोजायची जागा चुकली की संकट संपल्यासारखं दिसतं. माझ्या कोडनेही तेच केलं होतं.

मोठ्या कंपन्यांनी आपापली वाट काढली. वॉलमार्ट, होम डेपो, कॉस्टको यांनी स्वतःसाठी जहाजं भाड्याने घेतली. छोट्यांना ते शक्य नव्हतं. त्यांच्यातल्या शहाण्यांनी काय केलं ते आमच्या आयातदाराकडून शिकलो. पहिलं, त्याने एका मोठ्या खेपेऐवजी माल दोन किनाऱ्यांवर विभागला. पूर्वेकडे वेळ जास्त लागतो, पण सगळं एकाच रांगेत अडकत नाही. दुसरं, शक्य तिथे बंदराजवळच पेटी रिकामी करून माल साध्या ट्रकमध्ये भरला. त्यामुळे पेटी आणि चॅसिस लगेच परत जातात, उशिरा परत केल्याचं डिटेन्शन लागत नाही. तिसरं, सरासरीवर तारीख देणं सोडलं.

हे तिसरं काम माझं होतं. मी जुन्या खेपा काढल्या आणि कारखान्याच्या दारापासून त्याच्या गोदामापर्यंतचे दिवस मोजले. मधली खेप 52 दिवसांची निघाली, पण शंभरातल्या नव्वद खेपा गाठायच्या तर 78 दिवस धरावे लागत होते. वर्षभर खपणाऱ्या मालाला 52 चालतात. उशीर झाला तर थोडा साठा वापरायचा. सणाच्या मालाला 78 च धरायचे, कारण तारीख उलटली की सांगाड्याची किंमत शून्य. या सव्वीस दिवसांचं व्याज आणि गोदामभाडं हा विम्याचा हप्ता समजायचा. हेही कायमचं उत्तर नाही. सगळ्यांनी लवकर मागवलं की गोदामं आणखी भरतात आणि मुक्काम आणखी वाढतो. 2022 मध्ये मोठ्या दुकानांकडे न खपलेल्या मालाचे ढीग साचले, ते काही अंशी याचंच फळ. मागणी उतरली, बराच माल पूर्व किनाऱ्याकडे वळला, सवाना बंदराबाहेर रांग लागली, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसची रांग संपली.

आमच्या डॅशबोर्डवर आता एका ठिपक्याचे पाच झालेत: बंदराबाहेर, धक्क्याला, उतरली, उचलायला तयार, फाटकाबाहेर. हिरवा फक्त शेवटचा. 2022 च्या हॅलोवीनसाठी त्या आयातदाराने मे महिन्यातच ऑर्डर दिली. माल ऑगस्टमध्ये गोदामात आला. त्याने मला फोटो पाठवला: रॅकवर रचलेली खोकी, आणि एका खोक्यावर बसवलेला प्लॅस्टिकचा सांगाडा. खाली लिहिलं होतं, "पोहोचला."