ट्रेझरी शेअर आणि शेअर-लाभांश

अमेरिकी लेखापद्धतीत कंपनीने परत विकत घेतलेले स्वतःचे शेअर, म्हणजे ट्रेझरी शेअर, मालमत्ता नसून भागधारकांच्या निधीतील वजावट ठरतात. खरेदीमूल्य पद्धतीनुसार 20 डॉलरने घेतलेल्या 100 शेअरांपैकी 40 शेअर 25 डॉलरने पुन्हा विकल्यास जादा 200 डॉलर नफा न मानता अतिरिक्त भरणा भांडवलात जातात. उरलेले 60 शेअर 15 डॉलरने विकल्यास येणारी 300 डॉलरची तूट आधी या 200 डॉलरमधून भागवली जाते आणि बाकीचे 100 संचित नफ्यातून वजा होतात. नफा-तोटा पत्रकाला यातले काहीही स्पर्श करत नाही. शेअर-लाभांशाने संचित नफ्यातील रक्कम केवळ भांडवलात सरकते, एकूण निधी तेवढाच राहतो. भारतात मात्र 2013च्या कंपनी कायद्यानुसार पुनर्खरेदी केलेले शेअर रद्दच करावे लागतात.