आगाऊ शिकवणी शुल्क : खासगी क्लासमधील हिशेब व परतावा

खासगी शिकवणीवर्गाने पूर्ण अभ्यासक्रमाची फी प्रवेशाच्या वेळीच घेतली, तर त्या रकमेतला न शिकवलेल्या काळाचा भाग म्हणजे आगाऊ शिकवणी शुल्क. पैसे बँकेत जमा झालेले असतात, पण हिशेबाच्या दृष्टीने तो भाग क्लासचे उत्पन्न नसून विद्यार्थ्याचे देणे असते. महिन्यामागून महिना शिकवणे होत जाते तसे हे देणे उतरते आणि तेवढेच उत्पन्न चढते. विद्यार्थी मध्येच क्लास सोडतो, तेव्हा जे देणे उरलेले असते त्यातून परताव्याचा आकडा निघतो.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत आठवी ते दहावीच्या घरगुती शिकवण्या बहुधा महिन्याच्या महिन्याला पैसे घेतात. तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उभा राहतो तो अकरावी-बारावीबरोबर चालणाऱ्या नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीच्या दोन वर्षांच्या वर्गांत, आणि स्पर्धा परीक्षा किंवा पोलीस भरतीच्या अकॅडमींत, जिथे शिकवणीबरोबर वसतिगृह आणि मेसचेही पैसे एकदम मागितले जातात. दहावीच्या निकालानंतर सातारा, कराड किंवा सांगलीच्या विश्रामबागेत प्रवेशासाठी आलेल्या पालकाला साधारण दोन पर्याय मिळतात : एकरकमी भरल्यास सवलत, नाहीतर दोन-तीन हप्ते. ज्या घराचा पैसा ऊसबिलावर किंवा द्राक्ष-बेदाण्याच्या हंगामावर येतो, त्याला जूनमध्ये एकरकमी भरणे म्हणजे हातउसने, सोसायटीचे कर्ज किंवा दागिने गहाण. त्यामुळे मुलाने क्लास सोडल्यावर अडकलेली रक्कम अशा घराला वर्षभर जाणवत राहते.

नोंद कशी होते. एक काल्पनिक पण नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका क्लासचा नीटचा अभ्यासक्रम 1 जून 2025 ला सुरू होऊन 31 मे 2027 ला संपतो, म्हणजे 24 महिने. फी 96,000 रुपये, तिच्यावर 18 टक्के जीएसटी 17,280 रुपये. पालकाने एकूण 1,13,280 रुपये भरले. त्या दिवशी किर्दीत बँक खाते 1,13,280 ने नावे पडते. त्यासमोर 'आगाऊ शुल्क' खाते 96,000 ने आणि 'देय जीएसटी' खाते 17,280 ने जमा होते. उत्पन्नाच्या खात्यात त्या दिवशी एक रुपयाही जात नाही.

पुढे दर महिनाअखेरीस आगाऊ शुल्क 4,000 ने नावे आणि शिकवणी उत्पन्न 4,000 ने जमा. 31 मार्च 2026 पर्यंत दहा महिने झालेले असतात. नफा-तोटा पत्रकात 40,000 रुपये येतात आणि उरलेले 56,000 ताळेबंदात देण्याच्या बाजूला दिसतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचे हिशेब मानक 9 शिकवणी शुल्काबद्दल हेच सांगते : शिक्षण जितका काळ चालते, त्या काळावर उत्पन्न पसरावे.

पसरायचे महिन्यांवर की तासिकांवर, हा खरा व्यावहारिक प्रश्न आहे. बारावीच्या वर्गात दिवाळीची सुट्टी असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते, आणि त्यानंतर नीटपर्यंत दिवसभर उजळणी व चाचण्या चालतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा वेळी महिन्याचा भाग उत्पन्नात गेला, पण शिकवणे झालेच नाही, अशी स्थिती येते. तासिकांचे वेळापत्रक आणि हजेरी नीट ठेवणाऱ्या क्लासला तासिकांप्रमाणे वाटणी अधिक खरी ठरते. बाकीच्यांनी महिन्यांची सरळ वाटणी धरावी. एकच पथ्य आहे : वर्षाच्या हिशेबाला एक पद्धत आणि मूल सोडून चालले की दुसरी, असे करू नये.

छापील पुस्तकांचा संच वेगळी किंमत लावून पहिल्याच दिवशी दिला असेल, तर ती रक्कम त्याच दिवशी उत्पन्नात धरता येते आणि परताव्यातून वगळता येते. 'नोंदणी शुल्क' मात्र तसे नाही. नोंदणी म्हणून विद्यार्थ्याच्या हाती वेगळे काही पडत नाही. नाव काहीही दिले तरी ती शिकवणीचीच फी असते आणि तिची वाटणीही अभ्यासक्रमाच्या काळावरच व्हायला हवी.

कर. इथे दोन करांच्या वाटा वेगळ्या होतात. आयकरात वाणिज्य पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या क्लासला फी काळावर पसरता येते. क्लासच्या आगाऊ फीचा हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे दिनेश कुमार गोयल यांच्या प्रकरणात गेला होता. फी परत न करण्याच्या अटीवर घेतली आहे, म्हणून ती मिळाल्याच्याच वर्षी पूर्ण करपात्र, असे खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. सेवा पुढच्या वर्षी द्यायची आहे तर तेवढे उत्पन्न पुढच्या वर्षीचे, असा निकाल दिला. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या लहान क्लासला ही सवलत नाही. त्याची आलेली सगळी फी त्याच वर्षाचे उत्पन्न ठरते.

जीएसटी मात्र शिकवण्याची वाट पाहत नाही. बीजक किंवा पैसे, जे आधी येईल तेव्हा सेवेवरचा कर देय होतो. उदाहरणातले 17,280 रुपये त्यामुळे जूनच्याच विवरणपत्रात भरावे लागतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या क्लासला नोंदणीची सक्ती नसते. अशा क्लासने फीवर जीएसटी लावलाच, तर पालकाने पावतीवर नोंदणी क्रमांक पाहावा.

विद्यार्थी सोडतो तेव्हा. वरच्या उदाहरणातला मुलगा 30 नोव्हेंबर 2025 ला क्लास सोडतो असे धरू. सहा महिने शिकवून झाले, म्हणजे कमावलेली फी 24,000 आणि न कमावलेली 72,000. तिच्यावरचा जीएसटी 12,960. पालकाला 84,960 रुपये परत जायला हवेत. नोंद सोपी आहे : आगाऊ शुल्क 72,000 ने नावे, देय जीएसटी 12,960 ने नावे, बँक 84,960 ने जमा. नफा-तोटा पत्रकाला धक्का लागत नाही, कारण परत गेलेला पैसा उत्पन्नात कधी धरलाच नव्हता. हीच 96,000 फी क्लासने जूनमध्ये पूर्ण उत्पन्नात घेतली असती आणि मुलाने पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस क्लास सोडला असता, तर आधीच्या वर्षी न कमावलेला नफा दिसला असता आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच 48,000 चा तोटा.

भरलेला जीएसटी क्लासला परत कसा मिळतो, हे दिलेल्या कागदावर अवलंबून असते. आगाऊ रकमेची नुसती पावती दिली असेल आणि बीजक काढले नसेल, तर परतावा-पावती काढून करदेणे कमी करता येते. बीजक काढले असेल, तर क्रेडिट नोट काढावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच ती कराच्या हिशेबात धरता येते. जून 2025 लाच दोन वर्षांचे बीजक काढलेल्या क्लासकडून मुलगा जानेवारी 2027 मध्ये बाहेर पडला, तर ही मुदत उलटून गेलेली असते. दोन वर्षांचे बीजक एकदम न काढणे हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी प्रमाणशीर, दहा दिवसांच्या आत परत द्यावी आणि वसतिगृह व मेसची उरलेली रक्कमही द्यावी, असे त्यांत आहे. अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये, असेही आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने ही तत्त्वे कायद्याच्या बरोबरीची नाहीत, तरी हिशेबाची रीत त्यांनी स्पष्ट केली आहे.

तरीही 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' ही ओळ पावत्यांवर अजून छापलेली आढळते. जो क्लास आयकर खात्याला सांगतो की ही फी अजून कमावलेली नाही, त्याला तीच फी पालकापुढे आपली म्हणून रोखून धरण्याचा नैतिक आधार राहत नाही. न्यायालयीन आधारही पक्का नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणात व्यावसायिक महाविद्यालयांना सांगितले होते की फी चालू वर्षाची किंवा सत्राचीच घ्यावी, आणि पुढची घेतली असल्यास ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावी. क्लासविरुद्धच्या तक्रारींत हा दाखला दिला जातो. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवणाऱ्या 2020 च्या मनू सोलंकी निकालातही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कोचिंगला ती सूट दिली नाही. आयोगांचे निकाल एकसारखे मात्र नाहीत. क्लास शिकवायला तयार होता आणि मुलाने स्वतःच्या कारणाने सोडले, तेव्हा काही वेळा क्लासची बाजू धरली गेली आहे. म्हणून सोडण्याची तारीख असलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच हा पालकाचा सर्वात मोलाचा कागद.

कुठे बिघडते. 60 मुलांच्या एका बॅचचे गणित पाहू. जूनमध्ये जीएसटी सोडून 57,60,000 रुपये जमा होतात. 31 मार्चला त्यातले 24,00,000 कमावलेले आणि 33,60,000 देणे असते. पुढच्या चौदा महिन्यांचे शिक्षकांचे मानधन आणि जागेचे भाडे या 33,60,000 मधूनच जायचे असते. प्रत्यक्षात जूनचा पैसा दुसऱ्या गावातल्या शाखेचे डिपॉझिट, वातानुकूलित खोल्या आणि निकालाच्या फ्लेक्सवर खर्च होतो. त्या मार्चला बँकशिल्लक व मुदतठेवी मिळून पाच-सात लाखच असतील, तर पहिल्या बॅचचे दुसरे वर्ष नव्या बॅचच्या फीवर चालणार हे उघड आहे. बाहेरून याची खूण परतावा मागितल्यावर कळते. 'नवीन ॲडमिशन झाल्या की देतो' असे उत्तर मिळाले, तर आधीची आगाऊ रक्कम संपलेली असण्याचा संभव मोठा. शिक्षकांचे मानधन थकणे ही दुसरी खूण, आणि ती मुलांना पालकांच्या आधी समजते.

सवलतीतही एक खोच असते. 1,20,000 ची फी एकरकमी भरल्यामुळे 96,000 झाली असेल, तर मूल सोडताना काही क्लास झालेले महिने 5,000 च्या मूळ दराने मोजतात आणि परतावा 72,000 ऐवजी 66,000 वर येतो. प्रवेशाच्या वेळी लेखी सांगितले असेल तर यावर वाद घालता येतो, पण ती अट लपवलेली नसते. नंतर काढलेला मूळ दर मात्र मान्य करण्याचे कारण नाही.

फी वित्तसंस्थेच्या कर्जातून भरली असेल, तर क्लासला पूर्ण रक्कम पहिल्याच महिन्यात मिळालेली असते आणि पालक मासिक हप्ते फेडत असतो. मुलाने क्लास सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. कर्जकरार क्लासशी नसून वित्तसंस्थेशी असतो. परतावा थेट कर्जखात्यात जमा करायला सांगून खाते बंद झाल्याचे पत्र घ्यावे लागते, नाहीतर थकबाकी पालकाच्या पतनोंदीवर चढते.

दहा दिवसांत पैसे आले नाहीत, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा दाखल करता येतो. मुख्य कार्यालय परराज्यात असलेल्या क्लासविरुद्ध सातारच्या पालकाला साताऱ्यातच आणि सांगलीच्या पालकाला सांगलीतच दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.