दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी ऑफिसमधून रजा कशी मागावी?

विपश्यनेचं शिबिर "दहा दिवसांचं" म्हणून ओळखलं जातं. पण दहाच दिवसांची रजा टाकली, तर पंचाईत होते. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या शिबिरात (इगतपुरीचं धम्मगिरी हे त्याचं मुख्य केंद्र) आदल्या दिवशी दुपारी हजर व्हावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडता येतं. म्हणजे कॅलेंडरवर १२ तारखा जातात. प्रवास लांबचा असेल तर तो वेळ वेगळा.

आधी रजेचा हिशेब करा

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत शनिवार-रविवार सुट्टी असते. शिबिर बुधवारी दुपारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी संपतं. पहिल्या आठवड्यात बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि दुसऱ्यात सोमवार ते शुक्रवार, असे कामाचे ८ दिवस जातात. शनिवारीही ऑफिस असेल तर १० दिवस.

इथे 'सँडविच रजे'चा नियम विचारून घ्या. काही कंपन्या दोन रजांच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टीही रजेत मोजतात. तसं असेल तर मधला शनिवार-रविवार धरून वरच्या उदाहरणात ८ चे १० दिवस होतात. त्यात "विश्रांतीसाठी" सोमवारचीही रजा जोडली, तर शेवटचा शनिवार-रविवारही मध्ये अडकतो आणि हिशेब १३ वर जातो. अशा ठिकाणी सोमवारी कामावर हजर झालेलं बरं.

साहेबांना काय सांगायचं?

ज्यांना विपश्यना माहीत नाही, त्यांना ध्यानाचे फायदे ऐकण्यात रस नसतो. त्यांचे प्रश्न दोनच असतात: काम कोण बघणार आणि फोन लागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट "नाही" असं द्या. शिबिरात मोबाइल, लॅपटॉप जमा करावे लागतात. मौन असतं आणि मध्येच निघून न जाण्याची अट तुम्ही प्रवेश घेताना मान्य केलेली असते. "रात्री एकदा मेसेज बघेन" असं सांगून गेलात, तर तिसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये गोंधळ होतो आणि परत आल्यावर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. घरची खरोखरची अडचण असेल, तर नातेवाईक केंद्राच्या कार्यालयात फोन करून निरोप देऊ शकतात. तो नंबर घरी ठेवा. ऑफिसच्या कामासाठी मात्र तो नाही.

आधी तोंडी बोला, मग ईमेल करा. मजकूर साधा ठेवा:

"सर, मला बुधवार दि. … ते शुक्रवार दि. … अशी ८ दिवसांची अर्जित रजा हवी आहे. मी एका निवासी ध्यान शिबिराला जात आहे. तिथे फोन आणि इंटरनेट वापरता येत नाही, त्यामुळे या काळात माझ्याशी संपर्क होणार नाही. माझ्याकडची कामं … बघतील. मंगळवारपर्यंत त्यांना सगळी माहिती देतो. सोमवार दि. … रोजी कामावर हजर होईन. कृपया मंजुरी कळवावी."

महिनाअखेरचं क्लोजिंग, ऑडिट किंवा मोठी डिलिव्हरी असलेल्या तारखा टाळा. बोलायला जाताना दोन वेगवेगळ्या शिबिरांच्या तारखा हातात ठेवा. पहिल्या तारखेला नकार आला, तरी बोलणं तिथेच संपत नाही.

कोणती रजा वापरायची?

खासगी नोकरीत साधारणपणे अर्जित रजाच वापरावी लागते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (२०१७) वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. रजा कमी पडत असेल तर उरलेल्या दिवसांची बिनपगारी रजा मागा.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेच्या रजेचा स्वतंत्र शासन निर्णय आहे. त्याच्या अटी आपल्या आस्थापना शाखेत विचारा.

आजारपणाची रजा मात्र टाकू नका. जास्त दिवसांच्या आजारपणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि खोटं प्रमाणपत्र उघड झालं तर थेट शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आधी अर्ज की आधी रजा?

आधी साहेबांशी तारखांबद्दल बोला, मग केंद्राकडे अर्ज करा. जागा नक्की झाल्याचा ईमेल आला की रजेचा रीतसर अर्ज टाका. प्रतीक्षा यादीत नाव असताना रजा मंजूर करून घेतलीत, तर जागा न मिळाल्यास ती रद्द करत बसावं लागतं.

आणि ऑफिसने ऐनवेळी नकार दिलाच, तर केंद्राला लगेच कळवा. शिबिर मोफत असतं, जागा मोजक्या असतात. तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकते.