फिरत्या डिस्कचा तोडगा, न फिरणाऱ्या ड्राइव्हला

रॉक्सडीबीच्या पोटात जी एलएसएम-ट्री आहे, ती फ्लॅशसाठी जन्मलीच नव्हती. पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ती मांडली तेव्हा अडचण होती फिरत्या डिस्कच्या हेडची. विखुरलेल्या जागी लिहायचं तर हेड सारखं इकडून तिकडे हलवावं लागे. म्हणून नव्या नोंदी आधी मेमरीत साठवायच्या, मग क्रम लावून सलग लिहायच्या आणि जुन्या-नव्याचा मेळ मागाहून सावकाश घालायचा, असा त्यांचा तोडगा होता.

एसएसडीत हेड नाही, पण खोड आहे. लिहिलेल्या पेजवर तिथल्या तिथे पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, तेही शेकडो पेजचा अख्खा ब्लॉक, आणि दर पुसण्यागणिक तो झिजतो. म्हणून कंट्रोलर बदललेलं पेज दुसरीकडे लिहून जुनं बाद ठरवतो. मोकळे ब्लॉक कमी पडू लागले की एखाद्या ब्लॉकमधली अजून कामाची पेजं हलवून तो पुसतो. हे हलवणंही लेखनच. सांगितलं त्याहून जास्त लिहिलं जाणं, हेच राइट ॲम्प्लिफिकेशन.

त्यावर डेटाबेसची भर पडते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं पेज, सेटिंग बदललं नसेल तर, १६ केबीचं. एका रोमधले १०० बाइट बदलले तरी अखेर पूर्ण पेज लिहिलं जातं, आणि अर्धवट लेखनापासून बचाव म्हणून डबलराइट बफरमध्ये आणखी एकदा. झाले ३२ केबी, म्हणजे सव्वातीनशे पटींहून जास्त. ड्राइव्हने आत त्याची दुप्पट केली, तर साडेसहाशे. एका पेजमधले अनेक बदल मेमरीत साचले तर हा आकडा बराच उतरतो. पण टेबल मेमरीहून खूप मोठं आणि बदल विखुरलेले असले, तर साचणार काय?

फेसबुकमध्ये २०१२ साली गूगलच्या लेव्हलडीबीवरून रॉक्सडीबी बेतली गेली, ती फ्लॅश डोळ्यांसमोर ठेवूनच. अर्थात तिथेही लेखन फुकट नव्हतं. लेव्हल्ड कॉम्पॅक्शनमध्ये एकच नोंद पातळ्या उतरताना पुन:पुन्हा लिहिली जाते, साधारण १० ते ३० पट. टिअर्ड पद्धतीत ४ ते १० पट, पण जुन्या प्रती जास्त काळ जागा अडवतात आणि वाचताना जास्त फायली धुंडाळाव्या लागतात.

पुढचं वळण मला सगळ्यात रोचक वाटतं. २०२१च्या एका शोधनिबंधात रॉक्सडीबीच्या कर्त्यांनीच लिहिलं, की बहुतेक ठिकाणी फ्लॅश झिजण्याआधी जागाच अपुरी पडते. फेसबुकने आपला मुख्य डेटाबेस कॉम्प्रेस केलेल्या इनोडीबीवरून मायरॉक्सवर नेला, तेव्हा जागा जवळपास निम्मी झाली. झिजेच्या धास्तीने आणलेली रचना टिकली ती जागेच्या बचतीमुळे.

त्यामुळे पद्धत निवडण्याआधी दोन आकडे पाहावेत. रॉक्सडीबीच्या लॉगमधला `W-Amp` फक्त डेटाबेसची बाजू सांगतो. ड्राइव्हची झीज `nvme smart-log` मधल्या `percentage_used` मध्ये दिसते. तीन वर्षांत तो २०वर असेल आणि डिस्क ९० टक्के भरली असेल, तर लेखन वाचवायला टिअर्डकडे जाणं म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध.