गणिताची भीती मुलींना कुणी शिकवली?

पालकसभेत एक वाक्य ठरलेले असते. सातवीच्या मुलीचे पालक प्रगतिपुस्तक हातात घेतात आणि म्हणतात, "सर, बाकी सगळं छान आहे. गणिताचं काय, मुलीची जात, तिला नाही जमत." बोलणाऱ्याच्या मनात मुलीविषयी वाईट काही नसते, उलट तो तिला सांभाळूनच घेत असतो. पण हे वाक्य निसर्गातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. शाळा असावी की नसावी हा वाद तोवर मागे पडू लागला होता. नवा वाद अभ्यासक्रमाचा होता. मुलांना जे शिकवतात तेच मुलींना शिकवायचे कशाला, असा आक्षेप 'मराठा' पत्रातून घेतला गेला. मुलींना मातृभाषा, शिवण, घरकामापुरता हिशेब एवढे पुरे, असे मानणारा वर्ग मोठा होता. विरुद्ध बाजूला आगरकर होते. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे, हे त्यांनी 'सुधारका'तून ठासून मांडले.

पुढचा टप्पा अधिक विचार करायला लावणारा आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचली आणि १९१६ साली भारतातले पहिले महिला विद्यापीठ उभे केले. त्यांचे उपकार कुणी नाकारू नये. तरीही स्त्रीच्या वाट्याला संसार येतो म्हणून तिचा अभ्यासक्रम त्याला धरून वेगळा असावा, ही कल्पना त्या विद्यापीठाच्या पायात होती. गणिताच्या प्राध्यापकालासुद्धा मुलींसाठी गणित सर्वात आवश्यक वाटले नाही, यावरून त्या काळाची हवा कळते.

ही हवा सरकारी कागदावर बदलायला स्वातंत्र्यानंतरही वेळ लागला. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे तपासण्यासाठी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या शब्दांऐवजी 'सर्व माणसे' असे शब्द यावेत म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात आग्रह धरणाऱ्या त्याच या हंसाबेन. समितीचे म्हणणे थोडक्यात असे: मुलगे आणि मुली यांच्या आवडीत व कुवतीत जे फरक दिसतात ते प्रामुख्याने समाजाने घडवलेले आहेत, म्हणून त्यांच्यावर वेगळा अभ्यासक्रम उभारू नये. १९६६ च्या कोठारी आयोगाने ही भूमिका उचलून धरली आणि शाळेची पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक असावे अशी शिफारस केली. आज आपली मुलगी दहावीपर्यंत बीजगणित आणि भूमिती शिकते, त्यामागे हा निर्णय आहे.

दार उघडले, पण भीती दाराआडच उभी राहिली. तिला नाव मिळाले ते अमेरिकेत. १९७२ साली रिचर्डसन आणि सुइन या मानसशास्त्रज्ञांनी गणिताची चिंता मोजणारी ९८ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुढच्याच वर्षी ल्युसी सेल्स या समाजशास्त्रज्ञ महिलेने बर्कली विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा पूर्वाभ्यास तपासला. शाळेत चार वर्षे गणित केलेले मुलगे ५७ टक्के होते आणि मुली ८ टक्के. उरलेल्या मुलींना विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा शाखा पहिल्याच दिवशी बंद झाल्या होत्या. मग शीला टोबायस यांनी १९७५ साली वेस्लियन विद्यापीठात गणिताला घाबरणाऱ्यांसाठी चक्क 'क्लिनिक' काढले आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या स्वतः गणितज्ञ नव्हत्या. त्यांचा मुद्दा सरळ होता: हा बुद्धीचा दोष नाही, ही शिकलेली भीती आहे, आणि शिकलेली गोष्ट विसरायला लावता येते.

भीती नेमके काय बिघडवते, हे अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. ४६ अधिक २७ करताना आपण ६ आणि ७ चे १३ करतो, ३ लिहितो आणि हातचा १ मनात धरतो. हा हातचा जिथे धरला जातो ती मनातली जागा फार लहान असते. प्रयोगात लोकांना काही अक्षरे लक्षात ठेवायला सांगून त्याच वेळी बेरजा दिल्या. घाबरणारे लोक हातच्याच्या बेरजांत सर्वाधिक चुकले. "मला येणार नाही, सगळे बघतायत" हा विचारसुद्धा त्याच लहान जागेत बसतो आणि हातच्याला बाहेर ढकलतो. म्हणून घरी येणारे उदाहरण फळ्यापुढे येत नाही. मुलगी खोटे बोलत नसते.

मग मुलींमध्ये ही भीती जास्त का? इथे दोन अभ्यास शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. २०१३ साली जर्मनीत गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी पाचवी ते अकरावीच्या मुलामुलींना दोन प्रकारे विचारले. "तुला गणिताची एरवी किती भीती वाटते?" याला मुलींनी मुलांपेक्षा जास्त भीती सांगितली. पण तास किंवा परीक्षा चालू असतानाच "आत्ता किती वाटते?" असे विचारले, तेव्हा फरक दिसला नाही. म्हणजे मुली गणित करताना जास्त घाबरत नव्हत्या, स्वतःबद्दल बोलताना जास्त घाबरत होत्या. दुसरा अभ्यास बायलॉक आणि सहकाऱ्यांचा, २०१० चा. तिथे पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका होत्या. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींचे वर्षाच्या सुरुवातीला काही बिघडलेले नव्हते. वर्षअखेरीस मात्र त्यांतल्या अनेक मुली 'मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात' असे मानू लागल्या होत्या, आणि अशा मुलींचे गणित मागे पडले होते. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. वर्ग लहान होते आणि अभ्यास एका देशातला होता, ही त्याची मर्यादा. पण पालकसभेतले ते वाक्य कुठून कुठे जाते, हे त्यातून दिसते.

आता वर्गात काय करायचे ते एका उदाहरणावर पाहू. सातवीच्या मुलीला फळ्यावर बोलावले आणि ५/६ मधून ३/८ वजा करायला सांगितले. ती लिहिते: ५ वजा ३ म्हणजे २, ६ आणि ८ यांतला फरक २, म्हणून २/२, उत्तर १. वर्ग हसतो आणि ती जागेवर जाऊन बसते. शिक्षकाला आधी हे कळले पाहिजे की ही भीती होती की समज कच्ची होती, कारण दोन्हींचे औषध वेगळे आहे.

दुसऱ्या दिवशी तिला कागदावर, घड्याळ न लावता आणि कुणी बघत नसताना ३/४ वजा १/६ द्या. तिने ९/१२ वजा २/१२, म्हणजे ७/१२ असे बरोबर केले, तर कालची चूक फळ्याची आणि भीतीची होती. तिने पुन्हा ३ वजा १ आणि मग ६ वजा ४ केले, तर ती अंश आणि छेद यांना दोन सुट्या संख्या समजते आहे. अशा मुलीला नुसता धीर देऊन उपयोग नाही. तिला बारा चौकटींची कागदी पट्टी द्या. तीन-चतुर्थांश म्हणजे नऊ चौकटी ती रंगवेल, एक-षष्ठांश म्हणजे दोन चौकटी त्यातून खोडेल, सात उरतील. मग चोवीस चौकटींची पट्टी घ्या: वीस रंगवा, नऊ खोडा, ११/२४ उरतात. समज पक्की झाली की या कारणाची भीती बऱ्याच अंशी आपोआप ओसरते.

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्याला इथे आणखी एक गोष्ट दिसते. उर्दू माध्यमात चौथीपर्यंत शिकलेली मुलगी 'कसर', 'शुमार कुनिंदा', 'नसब-नुमा' म्हणत आलेली असते. पुढे तिला 'अपूर्णांक, अंश, छेद' ऐकू येते, आणि सेमी-इंग्रजीत गेली तर 'फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर'. ती गप्प बसते आणि आपण समजतो तिला गणित येत नाही. हे तिन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावला, तर पुष्कळ गप्पपणा तिथेच संपतो.

भीतीच असेल तर बदल वर्गाच्या रीतीत करायचा. एकीला फळ्यावर बोलावण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहून एकदम वर धरावे. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे आणि मगच नाव घ्यावे, नाहीतर तेच तीन हात वर येतात आणि उरलेल्या विचार करणे सोडतात. '१' हे चुकीचे उत्तर कुणाचे ते न सांगता शिक्षकानेच फळ्यावर मांडावे आणि विचारावे: ५/६ हे एकापेक्षा मोठे की लहान? लहान. मग त्यातून काही काढल्यावर एक कसा उरेल? चूक आता मुलीची राहत नाही, सगळ्या वर्गाचे कोडे होते. शिवाय उत्तर अंदाजाने ताडून पाहायची सवय लागते, आणि ही सवय असलेल्या मुलीला 'बरोबर आहे का?' हे दुसऱ्या कुणाला विचारावे लागत नाही.

चाचणीच्या आधी दहा मिनिटे मुलींनी मनातली धास्ती कागदावर लिहून काढावी, हा उपाय रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये नववीच्या मुलांवर करून पाहिला. घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले. ती परीक्षा जीवशास्त्राची होती, तेव्हा त्याला जादू समजू नये. पण त्याला खर्च काही नाही. लिहिलेले कागद शिक्षकाने गोळा करू नयेत, वाचू नयेत.

आणि पालकसभेत ते वाक्य पुन्हा आले, तर मुलीच्या समोरच तिची वही उघडावी आणि बोट ठेवून दाखवावे: "इथे छेद समान करायला चुकली होती, इथे बरोबर केलाय. पुढच्या महिन्यात गुणोत्तर आहे, त्याला हेच लागेल." मुलीची जात, तिचा स्वभाव, तिचे नशीब यांतले काहीच त्या संभाषणात येऊ देऊ नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अभ्यासक्रमातून जे वगळण्याचा आग्रह होता, ते आपण आज बोलण्यातून वगळतो आहोत का, एवढे पाहणे शिक्षकाच्या हातात आहे.