कर्सर-ठळकन व कळदर्शन

सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या चित्रफितीत माउसचा बाण रंगीत वर्तुळाने उठून दाखवणे आणि दाबलेल्या कळा पडद्यावर उमटवणे. बाण मुळात लहान असतो आणि मोबाइलवर पाहताना तो हरवतो. `Ctrl + S` सारखी कळजोडी तर चित्रात दिसतच नाही, दिसतो फक्त तिचा परिणाम.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज संचात वर्तुळाची सोय आहे. `Win + Shift + H` दाबल्यावर डाव्या क्लिकला पिवळे आणि उजव्या क्लिकला निळे वर्तुळ उमटते. रंग व आकार बदलता येतात. मॅकवर कळा दाखवण्यासाठी कीकास्टर वापरतात.

नवशिक्याची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. वर्तुळ व कळांची पट्टी ही शिकवल्या जाणाऱ्या प्रोग्रामचा भाग नसून त्यावर तरंगणारी वेगळी खिडकी असते. ओबीएसमध्ये `Window Capture` निवडून स्प्रेडशीटचा धडा ध्वनिमुद्रणासह टिपला, तर शिक्षकाला समोर पिवळे वर्तुळ दिसत राहते, पण फाइल उघडल्यावर नुसताच बाण सापडतो. उपाय म्हणजे `Display Capture`, अर्थात पूर्ण पडदा टिपणे. आधी दहा सेकंदांची चाचणी घेतली की चूक लगेच कळते.

प्रत्येक अक्षर दाखवणे मात्र त्रासदायकच. फक्त कळजोड्या दाखवाव्यात. लिनक्सवर कळा दाखवणारी स्क्रीनकी एक्स११ वर चालते. वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा वाचू देत नाही, त्यामुळे तिथे ती वेलँडच्या खिडक्यांतील कळा दाखवू शकत नाही.